३६ हजार जमा झाले, पण हप्ता फक्त ३१९ रुपयांनी कमी? गृहकर्जावरील व्याज अनुदानाचे गणित समजून घ्या

पुणे : प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधील व्याज अनुदानाबाबत सर्वाधिक गैरसमज दोन आहेत. पहिला, कर्जाचा व्याजदर चार टक्क्यांनी कमी होतो. दुसरा, १ लाख ८० हजार रुपये एकदम हातात येतात. प्रत्यक्षात यातले काहीच होत नाही. बँकेचा दर आहे तोच राहतो आणि पैसे वर्षाला एक याप्रमाणे पाच हप्त्यांत थेट कर्जखात्यात येतात. मग कर्जदाराचा फायदा कुठे होतो? तो शिल्लक कर्जाच्या आकड्यात दिसतो. तो नीट पाहिला नाही, तर अनुदान मिळूनही त्याचा निम्मा लाभ हातातून जाऊ शकतो.

मुळशीत शहरी योजना कशी?

पौड, पिरंगुट, भूगाव, माण येथे ग्रामपंचायती आहेत. त्यामुळे आपल्याला शहरी योजना लागू नाही, असे अनेकांना वाटते. मात्र योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नगरपालिका आणि महापालिकांबरोबरच विकास प्राधिकरणाच्या अधिसूचित क्षेत्राचाही समावेश होतो. मुळशी तालुक्यातील गावे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या क्षेत्रात येतात. सूस, म्हाळुंगे ही गावे तर २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. अर्ज भरताना घराचा पत्ता केवळ 'ग्रामीण' म्हणून नोंदला गेला, तर प्रकरण अडू शकते. त्यामुळे बांधकाम परवानगी पीएमआरडीएची असल्याचे कागद अर्जासोबत असलेले बरे.

पात्रतेच्या मुख्य अटी अशा : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत. कर्ज १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर होऊन वितरित झालेले हवे. कुटुंबातील कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे.

१.८० लाख हा आकडा येतो कुठून?

योजनेत कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंत, ४ टक्के व्याज अनुदान आहे. अनेक जण ८ लाखांचे ४ टक्के म्हणजे ३२ हजार, गुणिले १२ वर्षे, असा हिशेब करून ३ लाख ८४ हजारांवर पोहोचतात. हा हिशेब चुकतो, कारण कर्ज दर महिन्याला फिटत जाते आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लागते.

बरोबर हिशेब कागदावरच्या एका वेगळ्या खात्यासारखा आहे. ८ लाख रुपये ४ टक्क्यांनी १२ वर्षांसाठी घेतले, तर एकूण व्याज सुमारे २ लाख ८ हजार होते. हे व्याज १२ वर्षांत थोडे थोडे द्यायचे असते. तेच आधी द्यायचे असेल, तर रक्कम कमी होते. योजनेत त्यासाठी ८.५ टक्के हा दर धरला आहे आणि त्यानुसार आजच्या किमतीत ही रक्कम सुमारे दीड लाख येते. ती पाच वर्षांत विभागून द्यायची म्हणून प्रत्यक्ष कमाल आकडा १ लाख ८० हजार, म्हणजे दरवर्षी ३६ हजार. कर्ज ८ लाखांपेक्षा कमी असेल किंवा मुदत १२ वर्षांपेक्षा कमी असेल, तर अनुदानही त्या प्रमाणात कमी होते.

जुन्या योजनेशी इथेच फरक पडतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कर्जाशी निगडित अनुदान योजनेत, म्हणजे 'सीएलएसएस'मध्ये, अल्प उत्पन्न गटाला कमाल २ लाख ६७ हजार २८० रुपये एकरकमी मिळत. ती योजना या गटासाठी ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला तेव्हा मिळालेली रक्कम डोक्यात ठेवून आता हिशेब करू नये.

एक उदाहरण

समजा, पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी करणाऱ्या एका दाम्पत्याचे वार्षिक उत्पन्न ५ लाख ४० हजार आहे. त्यांनी २८ लाखांचा फ्लॅट घेतला आणि २० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी काढले. मासिक हप्ता १७ हजार ३५६ रुपये बसतो. सोयीसाठी व्याजदर बदलत नाही आणि अनुदान प्रत्येक वर्षाच्या शेवटी जमा होते, असे धरू.

पहिल्या वर्षात हे दाम्पत्य बँकेत सुमारे २ लाख ८ हजार रुपये भरते. त्यातून मुद्दल किती कमी होते? फक्त ३९ हजार ८०० रुपये. बाकी सगळे व्याजात जाते. वर्षअखेरीस शिल्लक कर्ज १९ लाख ६० हजार असते. त्याच वेळी ३६ हजारांचे अनुदान जमा झाले, की शिल्लक १९ लाख २४ हजारांवर येते. म्हणजे वर्षभर हप्ते भरून जेवढे मुद्दल फिटले, जवळपास तेवढेच अनुदानाच्या एका नोंदीने फिटते. अनुदानाची खरी ताकद ही आहे. ते थेट मुद्दलावर पडते आणि कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत पडते.

पाचही हप्ते आले आणि मासिक हप्ता आहे तोच ठेवला, तर पाच वर्षांनंतर शिल्लक कर्ज सुमारे १५ लाख ४८ हजार राहते. अनुदान नसते तर ते १७ लाख ६२ हजारांच्या पुढे असते. फरक २ लाख १५ हजारांचा, पण सरकारने दिले १ लाख ८० हजारच. वरचे सुमारे ३५ हजार म्हणजे दरम्यान वाचलेले व्याज.

हप्ता कमी की मुदत कमी?

अनुदान जमा झाल्यावर बँक दोनपैकी एक गोष्ट करू शकते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची.

पहिल्या पर्यायात वरील दाम्पत्याचा हप्ता पहिल्या अनुदानानंतर केवळ ३१९ रुपयांनी कमी होतो. पाचव्या अनुदानानंतर ही घट महिन्याला सुमारे १ हजार ६७७ रुपयांपर्यंत जाते. संपूर्ण मुदतीत एकूण बचत सुमारे ३ लाख ४१ हजार होते.

दुसऱ्या पर्यायात हप्त्यात एक रुपयाचाही फरक दिसत नाही. मात्र कर्ज सुमारे ३८ महिने आधी संपते आणि साडेसहा लाखांहून अधिक रुपये बँकेला द्यावे लागत नाहीत. पहिल्या पर्यायात दर महिन्याला हातात राहणारी रक्कम कुटुंब वापरू शकते, हे खरे. घरखर्चाची ओढाताण असेल तर तोच पर्याय योग्य. पण हप्ता झेपत असेल, तर 'मुदत कमी करा' असे बँकेला लेखी कळवणे फायद्याचे ठरते. न कळवल्यास बँकेच्या प्रणालीत जे आधीपासून ठरलेले असेल, तेच होते.

रक्कम नीट जमा झाली का, कसे ओळखाल?

मोबाइलवर आलेल्या संदेशावर थांबू नका. बँकेच्या ॲपमधून कर्जखात्याचा उतारा काढा आणि तीन गोष्टी पाहा. एक, ३६ हजारांची जमा नोंद कर्जखात्यात आहे का, की बचत खात्यात आली आहे. दोन, त्या तारखेला शिल्लक मुद्दल तेवढ्याच रकमेने उतरले आहे का. तीन, पुढच्या हप्त्यातील व्याजाचा भाग.

ही तिसरी खूण सर्वांत खात्रीची. वरील उदाहरणात बाराव्या महिन्याच्या हप्त्यात व्याज १३ हजार ९०९ रुपये आहे. अनुदानानंतरच्या महिन्यात ते १३ हजार ६३० रुपये व्हायला हवे, म्हणजे सुमारे २८० रुपयांनी कमी. एरवी ते दरमहा जेमतेम २५ रुपयांनी घटते. घट २५ च्या आसपासच दिसली, तर रक्कम मुद्दलात न वळवता पुढील हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून धरली गेली असण्याची शक्यता असते. तसे असेल तर दोन हप्ते भरल्याचे दिसेल, पण व्याज वाचणार नाही. अशा वेळी उतारा जोडून शाखेकडे लेखी अर्ज करावा.

निम्म्या मुद्दलाची अट विसरू नका

प्रत्येक वर्षी अनुदान सोडताना कर्ज चालू असणे आणि मुद्दलाची निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लक असणे, या दोन अटी आहेत. मुळशीत जमीन विकून आलेले पैसे, भविष्य निर्वाह निधी किंवा कंपनीचा बोनस कर्जात भरण्याचा विचार अनेक जण करतात. नेमके तिथेच अनुदान अडकू शकते.

वरील दाम्पत्याला निम्मी मर्यादा १० लाखांची. दोन अनुदाने मिळाल्यावर त्यांची शिल्लक सुमारे १८ लाख ४२ हजार असते. त्या वेळी त्यांनी साडेआठ लाख एकदम भरले, तर शिल्लक १० लाखांखाली जाते आणि उरलेली तीन अनुदाने, म्हणजे १ लाख ८ हजार रुपये, धोक्यात येतात. साडेसात लाख भरले तरी सुटका नाही. शिल्लक कमी झाल्याने त्याच हप्त्यातून मुद्दल वेगाने फिटू लागते आणि वर्षभरातच आकडा १० लाखांखाली येतो. पाचव्या अनुदानापर्यंत मर्यादेच्या वर राहायचे, तर हप्ता तोच ठेवून या टप्प्यावर साधारण साडेचार लाखांपर्यंतच जादा भरणा करता येतो. उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवून पाचवे अनुदान जमा झाल्यावर भरली, तर ठेवीचे व्याज मिळते आणि अनुदानही बुडत नाही.

कमी दरासाठी कर्ज दुसऱ्या बँकेत हलवणाऱ्यांनाही हाच विचार करावा लागेल. जुने खाते बंद झाले, की 'चालू कर्ज' ही अट त्या खात्यापुरती संपते. उरलेली अनुदाने नव्या बँकेत येतील का, याचे लेखी उत्तर दोन्ही बँकांकडून घेतल्याशिवाय सही करू नये. दरात पाव टक्का वाचवताना वर्षाचे ३६ हजार जाणार असतील, तर २० लाखांच्या कर्जावर तो व्यवहार तोट्याचा ठरतो. पाव टक्क्याने वर्षाला वाचतात जेमतेम पाच हजार.