अख्ख्या बॅचचा एकच नॉर्थ नोड

‘तुझा नॉर्थ नोड कन्येत. स्वप्नात रमू नकोस, शिस्त लाव, तीच तुझ्या वाढीची दिशा.’ ॲपवर हे वाचलं आणि क्षणभर पटलंच. मग हिशेब केला.

नोड म्हणजे ग्रह नव्हे. सूर्याच्या वाटेला छेदून चंद्र उत्तरेकडे जातो तो हा बिंदू, म्हणजे आपला राहूच. तो उलटा सरकत १८.६ वर्षांत राशिचक्र फिरतो, म्हणजे एका राशीत साधारण दीड वर्ष. पाश्चात्त्य गणिताने फेब्रुवारी १९९७ ते सप्टेंबर १९९८ तो कन्येतच होता. आमचा इंजिनिअरिंगचा जवळजवळ अख्खा वर्ग त्या काळातला. पहिल्या सेमपासून रंगीत पेनांनी नोट्स काढणाऱ्या मैत्रिणीलाही हाच सल्ला: शिस्त लाव! तिला आणखी किती?

‘राशी नाही, भाव बघ,’ असं जाणकार म्हणतात. मान्य, जन्मवेळेनुसार भाव बदलतो. पण जॅन स्पिलर यांचं १९९७चं गाजलेलं पुस्तक नोडच्या राशींनुसारच प्रकरणं पाडतं, आणि ॲपने माझी जन्मवेळ विचारलीच नव्हती.

गंमत म्हणजे ज्याच्याकडे जा म्हणून ॲप सांगतं, त्याच राहूची आजी शांत करायला सांगते.