पडत्या बाजारात एक जादा पुट

४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला. कॉल आणि पुट दोन्ही विकून बसलेल्यांची अशा वेळी झोप उडते.

समजा, नोएडाच्या एका गृहस्थांनी निफ्टी २४,००० असताना २४,५००चा कॉल व २३,५००चा पुट विकून नगामागे १५० रुपये घेतले. निफ्टी २३,६००वर आला. सगळा सौदा मोडून खाली नवा मांडला, तर तोटा लगेच पदरात, शिवाय दलालीही वाढते. त्याऐवजी त्यांनी त्याच मुदतीचा २३,३००चा पुट ११० रुपयांना विकत घेतला. आता हाती उरले ४०. दोन पुटांतले अंतर २००. म्हणून बाजार कितीही पडो, मुदतीअखेर तोटा १६०वर थांबतो.

कॉलची बाजू मात्र उघडीच. आणि घबराट माजल्यावर हाच पुट फार महाग मिळतो.