‘ऐच्छिक’ चौकट

फॉर्म या प्रकाराचा मला किती राग येतो, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. या आठवड्यात पाळी विमान तिकिटाच्या फॉर्मची. शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या होत्या. एजंटने तिकीट काढताना नाव आणि आडनाव भरलं. मधल्या नावाची चौकट ‘ऐच्छिक’ होती, म्हणून रिकामी सोडली. मध्यरात्री विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट आणि तिकीट शेजारी धरलं आणि काकूंना म्हणाली, “तुम्ही जरा बाजूला थांबा.”

आपल्या पासपोर्टवर मधल्या नावाची वेगळी जागाच नसते. एक ओळ आडनावाची, दुसरी दिलेल्या नावाची. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव याच दुसऱ्या ओळीत स्वतःच्या नावाला जोडून येतं. समजा, पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत `JOSHI<<SUNITA<PRAKASH` असं आहे आणि तिकिटावर `JOSHI/SUNITA MRS`. अमेरिकेच्या प्रवाशांचं नाव, जन्मतारीख आणि लिंग ही माहिती विमान कंपनीला तिथल्या सुरक्षा यंत्रणेकडे आधीच पाठवावी लागते, आणि ती संशयितांच्या यादीशी ताडून पाहिली जाते. सुनीता जोशी कितीतरी असतील. त्यांतली नेमकी कोण, हे मधल्या नावावरून लवकर कळतं.

पुष्कळदा काउंटरवरचा माणूस हे चालवून घेतो. मला खरा संताप याचाच येतो, कारण मुलाचं तिकीट असंच चाललं म्हणून आई निर्धास्त राहते आणि नेमकी तीच अडकते. काकूंचा पुढचा टप्पा दुसऱ्या कंपनीच्या विमानाचा होता. काउंटरवर सांगितलं, “तिकीट एजंटने काढलंय, नाव त्यालाच दुरुस्त करावं लागेल.” रात्री दीड वाजता कुठला एजंट फोन उचलतो? काकू बॅगेवर बसून राहिल्या. शेवटी वरिष्ठ अधिकाऱ्याने दुसऱ्या कंपनीशी बोलून बुकिंगमध्ये शेरा टाकला, तेव्हा कुठे बोर्डिंग पास हातात आला.

म्हणून पहिल्या नावाच्या चौकटीतच पासपोर्टची ती अख्खी ओळ भरावी. तिकिटावर `SUNITAPRAKASH` असं सलग छापून आलं तरी घाबरू नये, काही बुकिंग यंत्रणा मधली जागा काढून टाकतात. आणि चूक दिसली तर ज्याने तिकीट काढलं त्याच्याकडून ती निघण्याच्या बरीच आधी दुरुस्त करून घ्यावी.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्य सरकारने आईचं नावही घातलंय, मला ते मनापासून आवडलं. स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. ही पोरं आजीला भेटायला विमानाने येतील तेव्हा त्यांच्या पासपोर्टवरच्या त्या एका ओळीत तीन नावं असू शकतील. तिकीट विकणाऱ्यांनी ती ‘ऐच्छिक’ चौकट आताच काढून टाकावी आणि पासपोर्टवर आहेत तशा दोनच ओळी ठेवाव्यात.