विश्लेषण : फॅमिली डॉक्टर की सुपरस्पेशालिस्ट? एमबीबीएसनंतरच्या पहिल्या दहा वर्षांचा हिशेब काय सांगतो?

परळमध्ये आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया ही रुग्णालये आहेत, तर तेथून चालत जाण्याच्या अंतरावर डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर टाटा स्मारक रुग्णालय आहे. वैद्यकातील सर्वांत अरुंद, सर्वांत खोल विशेषज्ञता या परिसरात घडते. त्याच शहरात गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने आहेत. तेथे एकाच डॉक्टरकडे आजोबांचा रक्तदाब, सुनेचा थायरॉइड आणि नातवाचा खोकला अशा तिन्ही गोष्टी येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या ५,००० आणि एमबीबीएसच्या ५,०२३ नव्या जागांच्या योजनेला मंजुरी दिली. जागा वाढल्या, की यापैकी कोणती वाट धरायची हा प्रश्नही अधिक तरुण डॉक्टरांपुढे येणार. या निवडीत नेमके काय पणाला लागते?

सुपरस्पेशालिस्ट होण्यास किती वर्षे लागतात?

अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतलेल्या मुंबईतील एखाद्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता संपते तेव्हा ती साडेतेवीस वर्षांची असते. कारकीर्दीची पहिली दहा वर्षे येथून मोजली, तर ती साडेतेहतिसाव्या वर्षी संपतात.

सरकारी वा पालिकेच्या महाविद्यालयातून शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. त्याच काळात ‘नीट-पीजी’ची तयारी केली आणि पहिल्याच प्रयत्नात जागा मिळाली, तर साडेचोविसाव्या वर्षी तीन वर्षांचे एमडी सुरू होते. ते साडेसत्ताविसाव्या वर्षी संपते. पुन्हा एक वर्षाची बंधपत्रित सेवा. मग ‘नीट-एसएस’ ही सुपरस्पेशालिटीची परीक्षा आणि तीन वर्षांचे डीएम. तेव्हा वय साडेएकतीस. त्यानंतर आणखी एक वर्ष बंधपत्रित सेवा धरली, की दहा वर्षांपैकी नऊ संपतात. एकाही परीक्षेत अपयश आले नाही, तरचा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात अनेकांचे एक किंवा दोन प्रयत्न वाया जातात.

निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते, त्यामुळे ही वर्षे बिनकमाईची नसतात. पण स्वतःचे रुग्ण, स्वतःचे नाव असे या दशकात जवळजवळ काहीच उभे राहत नाही.

फॅमिली डॉक्टरचा हिशेब कसा?

तिची वर्गमैत्रीण बंधपत्रित सेवेनंतर तीन वर्षांचे ‘डीएनबी फॅमिली मेडिसिन’ करते असे समजू. ती साडेसत्ताविसाव्या वर्षी मोकळी होते. तेव्हापासून दवाखाना सुरू केला, तर दहा वर्षे पूर्ण होईपर्यंत तिच्याकडे सहा वर्षांचे रुग्ण जमलेले असतात. या शिक्षणाशिवाय, केवळ एमबीबीएसच्या नोंदणीवरही कायद्याने दवाखाना टाकता येतो. बहुतेक जण तेच करतात. आधी खासगी रुग्णालयात दोन-तीन वर्षे निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम आणि मग दवाखाना, हा जुना परिपाठ आहे.

मात्र यात एक फट राहते. एमबीबीएसचे शिक्षण मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात होते आणि ते विशेषज्ञच देतात. तेथे पोहोचणारा रुग्ण चार ठिकाणांहून गाळून आलेला, आजार बळावलेला असतो. दवाखान्यात येणारा रुग्ण याच्या नेमका उलटा. पावसाळ्यात लालबागचा एखादा तरुण तापाच्या दुसऱ्या दिवशी येतो. अंगदुखी आहे, बाकी काही नाही. हा साधा विषाणूजन्य ताप, मलेरिया, डेंग्यू की लेप्टो? डेंग्यूची एनएस१ चाचणी या दिवसांत उपयोगी पडते, पण रुग्ण गंभीर होण्याचा धोका बहुधा नंतर, ताप उतरू लागताना येतो. त्यामुळे ताप उतरला म्हणून निश्चिंत झालेल्या रुग्णाला ‘उद्या पुन्हा या, पोटात दुखले, सारख्या उलट्या झाल्या किंवा ग्लानी आली तर थांबू नका’ असे सांगणे हेच खरे कौशल्य असते. साचलेल्या पाण्यातून चालला होता का, हा एक प्रश्न लेप्टोचा संशय जागा करतो. हे कौशल्य वॉर्डात कमी आणि तोच रुग्ण दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी पाहण्यातून अधिक येते.

दोघांच्या शिकण्यात फरक काय?

विशेषज्ञ संख्येतून घडतो, सर्वसाधारण डॉक्टर काळातून. टाटा रुग्णालयात काम अवयवानुसार गटांत विभागलेले आहे. डोके-मान, स्तन, पचनसंस्था अशा प्रत्येक गटात शल्यचिकित्सक, औषधोपचार तज्ज्ञ आणि किरणोपचार तज्ज्ञ एकत्र निर्णय घेतात. तेथे शिकणाऱ्याला एकाच प्रकारचा कर्करोग इतक्या वेळा दिसतो, की अपवादही ओळखीचे होतात. असा अनुभव लहान रुग्णालयात मिळत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे अवलंबित्व. अँजिओप्लास्टी करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला कॅथलॅब, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि अतिदक्षता विभाग लागतो. रुग्णही त्याच्याकडे बरेचदा दुसऱ्या डॉक्टरने पाठवलेले येतात. म्हणजे त्याचे काम रुग्णालयावर आणि इतर डॉक्टरांवर टिकून असते. फॅमिली डॉक्टर वस्तीवर अवलंबून असतो. गिरगाव-लालबागमध्ये चाळ पुनर्विकासाला गेली, की वीस वर्षांची कुटुंबे एका फटक्यात उपनगरांत विखुरतात आणि दवाखान्याच्या जागेचाही प्रश्न उभा राहतो. जोखीम दोघांनाही आहे, पण ती वेगवेगळ्या जागी आहे.

पहिला निर्णय अधिक महत्त्वाचा का?

चर्चा बहुधा डीएम करावे की नाही यावर होते. खरे वळण त्याआधी, पदव्युत्तर शाखा निवडताना येते. सुपरस्पेशालिटीला कोण पात्र, हे आधीच्या शाखेवर ठरते. एमडी मेडिसिन केलेल्याला हृदयरोग, मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, पचनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, रक्तविकार, औषधोपचाराने कर्करोग चिकित्सा अशा अनेक वाटा खुल्या राहतात. एमएस सर्जरी केलेल्याला मूत्रविकार शल्यचिकित्सा, प्लास्टिक सर्जरी, कर्करोग शस्त्रक्रिया अशा वाटा आहेत. त्वचारोग किंवा नेत्ररोग निवडणारा त्या क्षणीच विशेषज्ञ होतो, लवकर स्थिरावतो, पण हृदयरोगाचे दार त्याच्यासाठी बंद होते. ते उघडायचे तर पुन्हा ‘नीट-पीजी’ देऊन आणखी तीन वर्षे घालवावी लागतात.

म्हणून मेडिसिन आणि सर्जरी या शाखांना दुहेरी मोल आहे. त्यात माणूस विशेषज्ञ होतो आणि तरीही बराचसा सर्वसाधारण राहतो. वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने एमडी मेडिसिननंतर थांबून दादरला सल्लागार फिजिशियन म्हणून बसायचे ठरवले, तर साडेअठ्ठाविसाव्या वर्षी ती मोकळी होते आणि दशकातील पाच वर्षे तिला स्वतःच्या रुग्णांसाठी मिळतात. ही मधली वाट आहे. मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास एकत्र असलेल्या वृद्धाची औषधे एकमेकांशी जुळतात का, हे पाहणारा डॉक्टर बहुधा याच वाटेवरचा असतो.

निवड चुकते कुठे?

सर्वांत मोठी चूक म्हणजे शाखा गुणांकाने ठरवणे. प्रवेशफेरीत ‘या क्रमांकाला एवढी मोठी शाखा मिळते आहे, तर सोडायची कशाला’ हा विचार प्रबळ असतो. दुसऱ्या टोकाला, काही शाखांच्या जागा भरतच नाहीत. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी ‘नीट-पीजी’चा पात्रता पर्सेंटाइल शून्यावर आणावा लागला होता. त्यामुळे ‘जागा आहे म्हणून घेतली’ असेही होते. घेतलेली जागा मधेच सोडणे सोपे नाही. नियमांनुसार दंड भरावा लागतो आणि काही प्रसंगी पुढच्या प्रवेशावर निर्बंध येतात.

चुकीची खूण लवकर दिसू शकते. आंतरवासितेत १२ आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात काढावे लागतात. केईएमच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी मालवणीच्या आरोग्य केंद्राचा अनुभव मिळतो. पाठ्यपुस्तकात न बसणाऱ्या, अर्धवट तक्रारी घेऊन येणारी गर्दी ज्याला कंटाळवाणी वाटते, त्याने फॅमिली डॉक्टरची वाट धरू नये. उलट, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी गेल्यावर त्याचे पुढे काय झाले हा प्रश्न ज्याला छळतो, त्याला एकाच अवयवात तीस वर्षे घालवणे जड जाऊ शकते. बरेच विद्यार्थी मात्र हे आठवडे ‘नीट-पीजी’च्या प्रश्नसंचांत घालवतात आणि ही चाचणी हुकते.

सर्वसाधारण वाट मागे का पडते?

त्यामागे व्यवस्था आहे. ब्रिटनमध्ये एमबीबीएसनंतर दोन वर्षांचे पायाभूत आणि मग तीन वर्षांचे जनरल प्रॅक्टिसचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. तातडीची वेळ वगळता तेथील सरकारी सेवेत रुग्ण सहसा आपल्या जीपीमार्फतच विशेषज्ञाकडे जातो. म्हणजे तेथे सर्वसाधारण डॉक्टर हा स्वतंत्र, प्रशिक्षित आणि आवश्यक दुवा आहे. मुंबईत डोके दुखले, की रुग्ण थेट मेंदूविकारतज्ज्ञाची वेळ घेऊ शकतो. फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण सक्तीचे नाही, त्याच्या जागाही मोजक्या. पदवीमागे आणखी अक्षरे नसलेला डॉक्टर ‘नुसता एमबीबीएस’ ठरतो. त्यामुळे अनेक तरुण आवडीने नव्हे, तर या ‘नुसत्या’च्या धास्तीने विशेषज्ञ होतात.

मग ठरवायचे कसे?

परतीचा खर्च मोजून. ‘नीट-पीजी’ला कमाल वयोमर्यादा नाही, त्यामुळे फॅमिली डॉक्टर पुढे विशेषज्ञतेकडे वळू शकतो. पण त्यासाठी जमलेला दवाखाना तीन वर्षे बंद ठेवावा लागतो, म्हणून ही संधी पहिल्या तीन-चार वर्षांतच खरी असते. डीएम झालेला डॉक्टर कागदोपत्री सर्व रुग्ण पाहू शकतो, पण सहा-सात वर्षे एकाच अवयवात गेल्यावर लहान मुलाचा ताप पाहण्याचा सराव उरलेला नसतो. या दोहोंच्या मध्ये मेडिसिन किंवा सर्जरीची वाट निर्णय तीन वर्षे पुढे ढकलू देते. ज्याची आवड पक्की झालेली नाही, त्याला ही तीन वर्षे सर्वांत स्वस्त पडतात. ज्याची आवड आंतरवासितेतच पक्की झाली आहे, त्याला मात्र थांबण्याचे कारण नाही. मग ती आवड टाटातील शस्त्रक्रियागृहाची असो वा लालबागच्या दवाखान्याची.