पासपोर्टवरची तारीख आणि खरी तारीख

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण आंजर्ले, हर्णै, आडे, केळशी या आपल्या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी आखातात आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा, आणि तिकडे असणाऱ्यांनाही पाठवा. विषय एकच आहे : पासपोर्टची मुदत. आणि माझं म्हणणंही एकच आहे : ही मुदत विमान कंपनीने पैसे घेण्याआधी विचारली पाहिजे, विमानतळावर नव्हे.

आधी जे घडलं ते सांगतो. नावं देत नाही, कारण त्या कुटुंबाला चर्चा नको आहे. आपल्याच गावातलं एक जोडपं, दोघंही साठीच्या पुढचे. मुलगी दुबईला. तिचं पहिलं बाळंतपण, तारीख २०२४च्या सप्टेंबरअखेरची. आईचा पासपोर्ट २ मार्च २०२५पर्यंतचा, वडिलांचा २०२९पर्यंतचा. २० जुलैला जावयाने तिकडून व्हिजासाठी अर्ज केला. त्या दिवशी आईच्या पासपोर्टला सात महिन्यांहून जास्त मुदत शिल्लक होती, त्यामुळे व्हिजा बिनबोभाट मिळाला. दोन दिवसांनी तिकिटं काढली, १२ सप्टेंबरची. पैसे कापले गेले, तिकीट मोबाइलवर आलं, सगळं ठीक.

१२ सप्टेंबरला ती दोघं रात्रभर एसटीत बसून मुंबईला पोचली. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या साड्यांची दुपटी, सगळं बांधून नेलेलं. चेक-इनच्या काउंटरवर मुलीने पासपोर्ट हातात घेतला, मशीनवर ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, तुम्हाला जाता येणार नाही. पासपोर्टला सहा महिने कमी पडतायत.” काका म्हणाले, “अहो, मार्चपर्यंत आहे ना? आत्ता तर सप्टेंबर चाललाय.”

काका खोटं बोलत नव्हते, आणि ती मुलगीही चुकत नव्हती. सगळा घोळ इथेच आहे, म्हणून हिशोब नीट समजून घेऊ.

संयुक्त अरब अमिरातीचा नियम असा की, तुम्ही त्यांच्या भूमीवर उतरता त्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्ट चालू असला पाहिजे. १२ सप्टेंबरपासून सहा महिने मोजले की १२ मार्च येतो. काकूंचा पासपोर्ट संपत होता २ मार्चला. दहा दिवस कमी. म्हणजे दुबईला जायला त्या पासपोर्टचा खरा शेवटचा दिवस २ सप्टेंबर होता. त्या दिवशी गेल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. व्हिजा मिळाला म्हणजे सगळं तपासून झालं, असं आपल्याला वाटतं. पण व्हिजा देताना अर्जाच्या दिवशीची मुदत बघितली गेली, आणि विमानात बसवताना उतरण्याच्या दिवशीची. मधल्या आठ आठवड्यांत मुदत सहा महिन्यांच्या खाली घसरली, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. काकू एकट्या अडकल्या, पण काकाही गेले नाहीत. दोन्ही तिकिटं वाया. पासपोर्ट पुन्हा काढला तेव्हा नंबर बदलला, कारण आपल्याकडे नवीन पुस्तिकेला नवीन नंबर येतो. व्हिजा जुन्या नंबरवर होता, त्यामुळे तोही नव्याने काढावा लागला. ती दोघं पोचली तेव्हा नात तीन आठवड्यांची झाली होती. बाळंतपणात मुलगी आणि जावई दोघंच. हे नुकसान कुठल्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

आता काही जण म्हणतील, हा काय अन्याय आहे, मुदत असलेला पासपोर्ट कसा काय चालत नाही? तर नियम अगदीच बिनबुडाचा नाही. पाहुणा म्हणून गेलेला माणूस तिकडे आजारी पडला, कोर्टकचेरीत अडकला, किंवा ठरल्यापेक्षा जास्त राहिला, तर त्याला परत पाठवायला चालू पासपोर्ट लागतो. तो मधेच संपला तर त्या देशाची पंचाईत. म्हणून ते देश थोडी शिल्लक मागतात. थायलंड, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, सगळीकडे हाच सहा महिन्यांचा हिशोब. युरोपातल्या शेंगेन देशांत जरा वेगळा : तिथून निघण्याच्या दिवसानंतर तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतच काढलेला हवा. ब्रिटनला तुमच्या मुक्कामापुरती मुदत पुरते. अमेरिकेचा मूळ नियम सहा महिन्यांचा आहे, पण ज्या देशांना त्यातून सूट आहे त्या यादीत भारत आहे. म्हणजे ‘सहा महिने’ हा जगाचा एकच कायदा नाही. कुणी उतरण्यापासून मोजतो, कुणी निघण्यापासून. आपल्यासारख्या साध्या माणसाने हे सगळं पाठ करून ठेवावं ही अपेक्षाच चूक आहे.

पण विमान कंपनीला ते पाठ करावं लागत नाही, हा माझा मुद्दा आहे. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ‘टिमॅटिक’ नावाची माहिती-यंत्रणा चालवते. कुठल्या देशाचा पासपोर्ट, कुठे जायचंय, किती दिवस, हे टाकलं की नियम समोर येतो. काउंटरवर असल्याच यंत्रणेवरून तपासणी होते. आणि कंपन्या एवढ्या काटेकोर का असतात? दंडामुळे. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर अनेक देश कंपनीकडून दंड घेतात, शिवाय त्या माणसाला परत आणायची जबाबदारी कंपनीवरच येते. आपल्या देशानेही २०००मध्ये असाच कायदा केला, त्यात अपुऱ्या कागदांचा प्रवासी भारतात आणला तर कंपनीला माणशी एक लाख रुपये दंड ठरवला होता. तेव्हा काउंटरवरच्या मुलीवर चिडून उपयोग नाही. तिला सूट द्यायचा अधिकारच नसतो.

पण मग सरळ प्रश्न पडतो. जी माहिती काउंटरवर क्षणात दिसते, ती जुलैत पैसे घेताना का दिसली नाही? दंडाची वेळ आली की यंत्रणा जागी, आणि पैसे घ्यायची वेळ आली की झोपलेली! कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं : कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, अटींमध्ये लिहिलंय. लिहिलंय खरं. पण अटींच्या त्या पानावर टिचकी मारून पुढे जाणाऱ्या काकांना ‘सहा महिने कुठून मोजायचे’ हे कुठे सांगितलंय?

काही कंपन्या तिकीट काढताना पासपोर्टची तारीख मागतात, आणि मुदत कमी असेल तर बुकिंग पुढेच जाऊ देत नाहीत. ही पद्धत सगळ्यांनी आणावी असं कुणी म्हणेल. मला ती अर्धीच पटते. समजा एखाद्याने आठ महिने आधी स्वस्त तिकीट बघितलं, आणि मधल्या काळात तो पासपोर्ट नवीन करणारच आहे. त्याला अडवलं तर त्याचंही नुकसान. म्हणून माझी मागणी अडवण्याची नाही, सांगण्याची आहे. परदेशाच्या प्रत्येक तिकिटाला, पैसे घेण्याआधी, पासपोर्ट कधी संपतो हे विचारा. कमी पडत असेल तर स्वच्छ शब्दांत, मराठीतही, लिहा : ‘या प्रवासाला तुमची मुदत दहा दिवस कमी आहे, पासपोर्ट नवीन केल्याशिवाय विमानात बसता येणार नाही.’ त्यावर माणसाने ठरवावं. आणि एवढं न विचारता पैसे घेतले असतील, तर मुदतीच्या कारणाने अडवलेल्याला निदान तारीख बदलून द्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हा नियम करायला हवा. एजंटांकडून तिकीट काढलं तरी तोच नियम लागू हवा, कारण आपल्याकडची निम्मी तिकिटं एजंटच काढून देतात.

नियम होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपण काय करायचं?

पासपोर्ट दहा वर्षांचा असला तरी आखातासाठी तो साडेनऊ वर्षांचाच आहे असं धरून चाला. आज सगळ्यांचे पासपोर्ट काढा आणि प्रत्येकाची संपण्याची तारीख वजा सहा महिने, अशी नवी तारीख कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवा. पासपोर्टवर मात्र काही लिहू नका. लहान मुलांचे आधी बघा. त्यांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि मे महिन्यात सुट्टीला आलेलं चौघांचं कुटुंब परत जाताना धाकट्यावरून अडकतं.

मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून री-इश्यूचा अर्ज करता येतो. छत्तीस पानी पुस्तिकेची साधी फी १५०० रुपये, तत्काळला आणखी २००० रुपये. जुने शिल्लक महिने नवीन मुदतीत मिळत नाहीत, म्हणून लोक शेवटपर्यंत थांबतात. पण त्या पाच-सहा महिन्यांची किंमत एका वाया गेलेल्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी आहे. क्रम लक्षात ठेवा : आधी पासपोर्ट, मग व्हिजा, मग तिकीट. उलट केलंत तर नंबर बदलतो आणि सगळं पहिल्यापासून.

आणि एवढं करूनही कुणी अडकलंच, तर तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ आहे म्हणून हात हलवत परत येऊ नका. न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात, तसा महासंचालनालयाचा नियम आहे. मात्र मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही. काकांना ते पैसे मागायचे असतात हेच माहीत नव्हतं. आता अर्ज लिहून झालाय, बघू काय उत्तर येतं ते.

तुमच्या घरी किंवा ओळखीत असं झालं असेल तर खाली लिहा. कुठे जायचं होतं, किती दिवस कमी पडले आणि तिकीट काढताना मुदत विचारली होती का, एवढंच. पंधरा-वीस अनुभव जमले तर तेच जोडून महासंचालनालयाला पत्र पाठवू. सह्या गोळा करायला मी गावात आहेच.