दर महिन्याचा डबा की एकदाच विक्री? हळदीच्या वहीतला हिशोब

मागच्या आठवड्यात दोघा-तिघांनी विचारलं, "दादा, हळद-मिरचीचा दर महिन्याचा डबा चालू करावा का? शहरातली मंडळी आता सगळंच महिन्यावर घेतात." मी हा डबा चालवून बसलोय, म्हणून वहीत जे आहे तेच लिहितो.

डब्यात हळद १०० ग्रॅम, मिरची पावडर २०० ग्रॅम, धने पावडर १०० ग्रॅम. घरपोच ३०० रुपये. पहिल्या महिन्यात ४० घरं आली, आम्ही खूश. दुसऱ्या महिन्यात ३६, तिसऱ्यात २७, चौथ्यात १९. मालाची तक्रार एकाचीही नव्हती. फोनवर सगळ्यांचं एकच, "अजून मागचीच शिल्लक आहे, या महिन्यात नको."

चूक आमचीच होती. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण एक छोटा चमचा हळद लागते, म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास. महिन्याला ९० ग्रॅम. तिथं आमचा डबा बरोबर बसतो. पण शहरातली बरीच घरं दोघांची, त्यांना ४५ ग्रॅम पुरते. तीन महिन्यांत त्यांच्याकडं दीडशे ग्रॅमच्या वर हळद साठली. चौथा डबा ते कशाला घेतील?

दुसरी गळती कुरिअरची. ४०० ग्रॅमच्या डब्याला कुरिअर ७० आणि खोका-पिशव्या २५, म्हणजे ९५ रुपये. तीनशेतले जवळपास एक तृतीयांश रस्त्यातच गेले. तोच माल चार महिन्यांचा एकदम पाठवला, तर १ किलो ६०० ग्रॅमला कुरिअर १२० आणि पॅकिंग ४५, असे १६५ पडतात. वर्षाचं बघा: महिन्याला पाठवलं तर ११४०, तीनदा पाठवलं तर ४९५. एका घरामागं ६४५ रुपयांचा फरक. हे दर आमच्या गावातले आहेत, तुमच्याकडचे विचारून घ्या.

मग आपल्या आयांसारखं उन्हाळ्यात वर्षाचं एकदाच विकून मोकळं व्हावं का? जुन्या गिऱ्हाइकाला ते चालतं. पण शहरातल्या छोट्या स्वयंपाकघरात दळलेली मिरची वर्षभर टिकवणं अवघड. पावसाळी हवेत पावडर ओल धरते, गुठळ्या होतात, रंग मावळतो, कुबट वास येतो. असा वास आला की ती वापरायची नाही, त्यात बुरशी असू शकते. अख्खी, नीट वाळलेली हळकुंडं मात्र कोरड्या जागी आरामात टिकतात. म्हणून माल अख्खा आपल्याकडं ठेवायचा आणि लागेल तसा दळायचा.

आम्ही आता मधला रस्ता धरलाय. पैसे वर्षाचे एकदम, माल तीन हप्त्यांत. पहिला मेअखेर, म्हणजे पावसाळ्यात ना दळण ना कुरिअर. दुसरा दिवाळीआधी, तिसरा संक्रांतीनंतर. गिऱ्हाइकाला वर्षाचे ३००० रुपये पडतात, महिन्याच्या डब्यानं ३६०० पडले असते. आणि आम्हाला वाहतूक-पॅकिंग जाऊन २५०५ उरतात, डब्यात २४६० उरत होते. दोघांच्या घराला अर्ध्या मापाचा डबा.

माझ्या मते खरा फायदा आगाऊ पैशाचा आहे. हळद निघाली की उसनवारी फेडायची, नवीन बेणं, शेणखत, मजुरी, सगळं एकदम समोर येतं. म्हणून आपण मार्च-एप्रिलला मिळेल त्या भावात माल बाजार समितीत टाकतो. २० घरांचे ६०,००० मे महिन्यात हातात आले, तर काही पोती तरी थांबवता येतात.

पण हे पैसे म्हणजे कर्जच समजा. गिऱ्हाइकाचा माल आधी मोजून वेगळा ठेवायचा, मगच पैसे घ्यायचे. २० घरांना वर्षाची हळद २४ किलो लागते. दळणातली घट, सांडलवंड धरून आम्ही २७ किलो हळकुंडं बाजूला ठेवतो. पुढच्या पिकाच्या भरवशावर आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत. करपा पडला, कंद सडले, तर गिऱ्हाईकही जातं आणि नावही.

महिन्याचा डबा वाईट असतो असं नाही. चहा पावडर, गूळ, तेल यांचं बसतं, कारण ते महिन्याला किलोत संपतं आणि पुन्हा लागतंच. हळद चिमटीनं संपते. तुमचा माल गिऱ्हाइकाच्या घरात महिन्याला किती संपतो, ते दहा घरांना विचारा. पाकीट कधी फोडलं आणि कधी संपलं, एवढंच. मग डबे छापायला टाका. आमचे छापलेले दोनशे खोके अजून माळ्यावर पडून आहेत.

तुमचा हिशोब वेगळा निघत असेल तर खाली आकड्यांसकट लिहा.