सिस्टरच्या पुस्तकातला ‘का’

गेले काही महिने आमच्या गटातल्या तिघी-चौघी एका वेगळ्याच कामात गुंतल्या होत्या. बुलडाणा जिल्ह्यात घाटाखालच्या भागात एएनएमचे शिक्षण घेणाऱ्या काही मुलींनी त्यांची प्रशिक्षण-पुस्तिका आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “ताई, हे पाठ होतं, पण समजत नाही.” पुस्तिका मराठीतच होती. मुलीही मराठीतच शिकलेल्या, संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या, काही घाटावरच्या मेहकर-लोणारच्या. मग अडत होते कुठे? म्हणून आम्ही एकच पान घेऊन बसलो. बाळ जन्मल्यानंतर वार पडेपर्यंतचे पान. बाळंतपणात बाई दगावते ती पुष्कळदा याच वेळच्या रक्तस्रावाने, म्हणून हे पान निवडले.

त्या पानावरचा मजकूर साधारण असा होता: “प्रसूतीच्या तिसऱ्या अवस्थेत गर्भाशयाचे आकुंचन अपुरे राहिल्यास वार सुटलेल्या जागेवरील रक्तवाहिन्या उघड्या राहून अतिरक्तस्राव संभवत असल्याने, बाळाच्या जन्मानंतर उदरपरीक्षण करून, दुसरे बाळ नसल्याची खात्री करून घेऊन, ऑक्सिटोसिन योग्य मात्रेत स्नायूमध्ये देण्यात यावे व तदनंतर आकुंचनाची चिन्हे पाहून, गर्भाशयास आधार देऊन, नियंत्रित रीतीने नाळ ओढून वार काढण्यात यावी.”

यात चूक अशी नाही. लिहिणाऱ्याला सगळे ठाऊक आहे. पण आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि त्याच्या आधी ‘करून’, ‘घेऊन’, ‘पाहून’ यांची माळ कितीही लांबवता येते. वाचणारीचे डोळे शेवटच्या ‘देण्यात यावे’वर जाऊन थांबतात. मधले प्रत्येक ‘करून’ हे खरे तर वेगळे काम आहे, आणि त्यांतले एखादे सुटले तर जीव जाईल असे आहे. आम्ही मुलींना पान मिटायला सांगितले आणि कापडी पिशवीचे गर्भाशय, बाहुलीचे बाळ घेऊन करून दाखवायला सांगितले. बहुतेकींनी इंजेक्शन दिले. पोट चाचपायचे मात्र राहून गेले. पाठ म्हणताना तेच वाक्य त्यांनी अडखळल्याशिवाय म्हटले होते!

दुसरी अडचण ‘देण्यात यावे’ची. कोणी द्यावे? डॉक्टरने, सिस्टरने, आयाने? कर्मणी प्रयोगात माणूस दिसत नाही. उपकेंद्रात रात्री ती एकटीच असते, तेव्हा पुस्तकाने तिच्याशीच बोलायला हवे.

सुरुवातीला आम्हीही एक घोटाळा केला. परिच्छेद कापला, कारणे काढून टाकली आणि सहा आज्ञा एकाखाली एक लिहिल्या. पान सुटसुटीत दिसू लागले. एका मुलीने ते वाचून विचारले, “नाळ लगेच बांधू नका म्हणता, पण आमच्या गावातल्या जुन्या सिस्टर लगेच बांधतात. त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?” तेव्हा लक्षात आले की आम्ही तिला पुस्तकापासून सोडवले खरे, पण तिच्या हातातले उत्तरही काढून घेतले. डॉक्टरांच्या पुस्तकात कारणे आणि नर्सच्या पुस्तकात हुकूम, ही विभागणी आपल्याला नवी नाही. ती आम्ही स्वतःच करत होतो.

मग पुन्हा बसलो. प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारले: यात हाताने करायचे काय आहे? आणि कारण कळले नाही तर ती कुठे चुकेल? ज्या कारणाने हाताचे काम बदलत नाही, ते वर्गातल्या धड्यात पाठवले. बाकीची कारणे कामाच्या लगेच खाली, एकेका छोट्या वाक्यात ठेवली. काम आधी, कारण मागून. घाईत असलेलीने वरची ओळ वाचावी, वेळ असलेलीने खालचीही. ते पान आता असे झाले आहे:

१. बाळ आईच्या पोटावर ठेवा, पुसून कोरडे करा. मग आईचे पोट चाचपा. आत दुसरे बाळ आहे का? असेल तर इंजेक्शन देऊ नका, ते जन्मल्यावर द्या. गर्भाशय आवळले तर आतल्या बाळाचा रक्तपुरवठा तुटतो.

२. दुसरे बाळ नसेल तर ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीच्या स्नायूत द्या, बाळ जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत. अँप्यूलवरचा आकडा वाचा. एका अँप्यूलमध्ये ५ युनिट असतील तर दोन लागतील. वार सुटते त्या जागी रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशयाचा स्नायू आवळला की त्या चिमटल्या जातात. औषधाचा परिणाम दिसायला दोन-तीन मिनिटे लागतात.

३. नाळ लगेच बांधू नका. १ ते ३ मिनिटे थांबा. वारेतले रक्त या वेळात बाळाकडे जाते आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरवते. बाळ श्वास घेत नसेल तर थांबू नका. नाळ कापून त्याला श्वास देण्याच्या कामाला लागा.

४. गर्भाशय टणक झाल्याशिवाय नाळ ओढू नका. एक हात ओटीपोटाच्या हाडावर ठेवून गर्भाशय वर ढकलून धरा, दुसऱ्याने नाळ हळूहळू खाली ओढा. ३०-४० सेकंदांत वार खाली सरकली नाही तर थांबा, पुढच्या आवळण्याची वाट पाहा. सैल गर्भाशय आधाराशिवाय ओढले तर आतली बाजू बाहेर येऊन उलटे होऊ शकते.

५. वार पूर्ण आली का ते पाहा. आत राहिलेला तुकडा गर्भाशयाला आवळू देत नाही. मग दोन तास दर १५ मिनिटांनी पोटावर हात ठेवा. गर्भाशय चेंडूसारखे टणक लागले पाहिजे. मऊ लागले तर चोळा, लघवी झाली आहे का पाहा आणि मदतीला बोलवा. भरलेली लघवीची पिशवीही गर्भाशयाला आवळू देत नाही.

शब्दांची संख्या मूळ परिच्छेदापेक्षा वाढली. त्याची काळजी करू नये. पान लांब असल्याने अडत नव्हते. अडत होते ते एका श्वासात चार कामे असल्याने.

एक कारण मात्र आम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत घातले, आणि त्यासाठी बरीच वादावादी झाली. बाळ बाहेर येण्याआधी ऑक्सिटोसिन स्नायूत देऊ नका. “कळा वाढायचं इंजेक्शन द्या ना सिस्टर” ही मागणी घरच्यांकडून येते हे आपण सगळ्या जाणतो. काही ठिकाणी ती पुरीही केली जाते. नुसते ‘देऊ नये’ लिहिले तर रात्री तीन वाजता चिडलेल्या सासूपुढे आणि नवऱ्यापुढे ते टिकत नाही. म्हणून लिहिले: दवाखान्यात डॉक्टर कळांसाठी हेच औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने देतात, कारण कळा फार वाढल्या तर थेंब बंद करता येतात. मांडीत गेलेले औषध परत काढता येत नाही. कळा मध्ये न थांबता आल्या तर बाळाला प्राणवायू मिळत नाही, आणि गर्भाशय फाटूही शकते. हे वाचून एक मुलगी म्हणाली, “हे तर मी सासूला सांगू शकते.” या पानाची याहून चांगली परीक्षा आमच्याकडे नव्हती.

साठवणीच्या ओळीचेही तसेच. जुन्या पानावर ‘थंड जागी ठेवावे’ इतकेच होते. घाटाखाली मे महिन्यात माठाजवळची जागासुद्धा थंड वाटते. आता लिहिले आहे: २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये. उन्हाने औषधाची ताकद जाते, पण अँप्यूल बाहेरून अगदी तशीच दिसते, म्हणून डोळ्यांनी ओळखता येणार नाही. हे कळले की पुढचे तिचे तिला सुचते. वीज गेली तर लसीच्या डब्यात बर्फाच्या पॅकशेजारी ठेवायचे, आणि इंजेक्शन देऊनही गर्भाशय मऊ राहिले तर औषधाचीही शंका घ्यायची. या दोन्ही गोष्टी आम्ही लिहिल्या नव्हत्या. मुलींनीच सांगितल्या.

कारण वेगळ्या वाक्यात ठेवण्याचा आणखी एक फायदा पुस्तिका सुधारताना दिसला. शास्त्र बदलते. एके काळी वार पडल्यावर सगळ्याच बायकांचे गर्भाशय चोळत राहायला शिकवत. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की ऑक्सिटोसिन दिलेल्या बाईला सतत चोळण्याची गरज नाही, मात्र टणकपणा सर्वांचाच तपासत राहावा. लांबलचक वाक्यात ‘चोळून’ हा एक शब्द कुठेतरी दडलेला असतो, तो कोण शोधणार? वेगळी ओळ असली की तेवढीच बदलता येते, आणि का बदलली हेही सांगता येते.

मात्र पान नीट लिहिले की बाळंतिणी वाचतील, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. सुरक्षित बाळंतपणाची तपासणी-यादी आणि सोबत शिकवणाऱ्या व्यक्ती दिल्याने काय फरक पडतो, याचा उत्तर प्रदेशात १२० केंद्रांमध्ये मोठा अभ्यास झाला. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. सिस्टरांची कामाची पद्धत सुधारली, पण शिकवणाऱ्यांच्या फेऱ्या कमी झाल्यावर ती सुधारणा ओसरू लागली, आणि आई-बाळांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. फ्रिज, रक्त, वाट पाहणारी गाडी आणि तालुक्याच्या ठिकाणी जागा असलेला डॉक्टर, हे पानावर छापता येत नाही. आमच्या पानावर ‘मदतीला बोलवा’ लिहिले आहे. कोणाला, कोणत्या नंबरवर, ते रिकामे ठेवून प्रत्येक उपकेंद्राने हाताने भरायचे ठरवले. दोन ठिकाणी ती जागा अजून रिकामीच आहे.

आता राहिला आहे तो चौथ्या पायरीचा वाद. २०१२ च्याच शिफारशींत म्हटले होते की नाळ ओढण्याचे काम ते हाताखाली शिकलेलीनेच करावे. जिथे अशी कोणी नाही तिथे ते करूच नये. मुख्य काम ऑक्सिटोसिन करते. आमच्यातल्या एकीचे म्हणणे, मग ही पायरी विद्यार्थिनींच्या पुस्तिकेतून काढूनच टाका. दुसरीचे म्हणणे, काढली तरी जुन्या सिस्टर ओढतच राहणार. मग निदान कधी ओढू नये हे तरी मुलींना ठाऊक असू द्या. तूर्त पायरी ठेवली आहे, पण तिच्या आधी एक ओळ घातली आहे: “हे काम कोणाच्या देखरेखीखाली किमान काही वेळा केले नसेल तर ही पायरी सोडा, वार आपोआप येण्याची वाट पाहा.” ‘किमान काही वेळा’ म्हणजे किती, यावर अजून एकमत नाही. ज्या मैत्रिणी लेबर रूममध्ये काम करतात त्यांनी आम्हांला जरूर कळवावे.